बारा तासांची पाळी आणि अर्धा तास व्यायाम

सुरुवातीलाच एक खुलासा. आमच्या नावामागं ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. आम्ही नाडी बघत नाही आणि औषधाची चिठ्ठीही लिहीत नाही. आम्ही आयुष्यभर एकच काम केलं. कुणी एखादं विधान केलं की ‘हे कशावरून?’ असं विचारायचं. आजही तेवढंच करणार आहोत.

मागच्या एका व्याख्यानानंतर एक बाई आमच्याजवळ आल्या होत्या. त्यांचे यजमान इथेच भिवंडीत यंत्रमागावर काम करतात. काही महिन्यांपासून ते गप्प झाले होते. जेवणावर लक्ष नाही, पहाटे तीनला जाग येते, मुलांशी बोलणं नाही. डॉक्टरांनी उदासीनतेचा आजार, म्हणजे डिप्रेशन, असं निदान केलं. गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, “रोज व्यायाम करा.” बाई आम्हाला म्हणाल्या, “सर, हा माणूस बारा तास उभा असतो. चार-चार, सहा-सहा मागांमध्ये सारखी फेरी मारत असतो. त्याने आणखी कसला व्यायाम करायचा?”

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचं हे व्याख्यान.

आधी मूळ विधान तपासू. व्यायामाने डिप्रेशन कमी होतं, हे कशावरून? कुणी म्हणेल, वऱ्हाळा तलावावर सकाळी चालायला येणारी माणसं बघा, कशी प्रसन्न असतात! पण हा पुरावा नव्हे. ज्याचं मन खचलंय तो अंथरुणातून उठतच नाही, मग तो तलावावर दिसणार कुठून? तेव्हा चालण्यामुळे मन बरं झालं, की मन बरं होतं म्हणून चालणं जमलं, हे नुसतं बघून कळत नाही. ते कळायचं तर आजारी माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. कुणी व्यायाम करायचा आणि कुणी नाही, हे माणसाच्या इच्छेवर सोडून चालत नाही.

असा प्रयोग अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 1999 साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढची, डिप्रेशनचं निदान झालेली 156 माणसं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालीन हे नेहमीचं औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम कसा, तर आठवड्यातून तीन दिवस, देखरेखीखाली. दहा मिनिटं अंग गरम करायचं, तीस मिनिटं भरभर चालायचं किंवा हळू धावायचं किंवा जागेवरची सायकल चालवायची, शेवटची पाच मिनिटं वेग उतरवायचा. असे सोळा आठवडे. शेवटी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. औषधाच्या गटाला गुण लवकर आला, व्यायामाच्या गटाला वेळ लागला, पण तोही त्याच ठिकाणी पोहोचला.

आता इथे ‘कशावरून’ पुन्हा विचारायला हवं. डिप्रेशन काही जणांत काळाबरोबर आपोआपही ओसरतं. शिवाय आठवड्यातून तीनदा कुणी आपली वाट बघतंय, विचारपूस करतंय, याचाही गुण येतोच. या प्रयोगात नुसत्या साखरेच्या गोळीचा गट नव्हता. म्हणून त्याच मंडळींनी 2007 मध्ये दुसरा प्रयोग मांडला. या वेळी 202 माणसं आणि चार गट होते. देखरेखीखालचा व्यायाम, घरच्या घरी व्यायाम, औषध आणि चौथी खोटी गोळी. सोळा आठवड्यांनी आजारातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण असं होतं: देखरेखीखाली 45 टक्के, घरी 40, औषधाने 47 आणि खोट्या गोळीने 31.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. खोट्या गोळीनेसुद्धा शंभरातले एकतीस बरे झाले, म्हणजे व्यायामाचं स्वतःचं श्रेय वाटतं त्यापेक्षा कमी. पुढे 2013 साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तोलले. सगळे मिळून व्यायामाचा परिणाम मध्यम दिसला. पण फक्त काटेकोर प्रयोग वेगळे काढले, तेव्हा तो बराच लहान झाला. तेव्हा व्यायाम म्हणजे रामबाण नव्हे. सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये त्याचा उपयोग होतो, असं म्हणायला मात्र पुरेसा आधार आहे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. मागावरचे बारा तास व्यायामात धरायचे की नाही?

2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हाच भेद करून आधीचे अनेक अभ्यास तपासले. फावल्या वेळातली हालचाल, ये-जा करतानाची हालचाल आणि कामावरची हालचाल असे भाग त्यांनी पाडले. फावल्या वेळात अंग हलवणाऱ्यांत मनाचे आजार कमी आढळले. कामावर अंगमेहनत करणाऱ्यांत मात्र उलट, ते जास्त आढळले. स्नायू तेच, पाय तेच, परिणाम वेगळा!

याचा अर्थ मेहनतीने डिप्रेशन होतं असा लगेच काढू नका. जिथे अंगमेहनत जास्त, तिथे पगार कमी, झोप कमी, कर्ज जास्त, हेही बरोबर येतंच. पण आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात असं आम्हाला वाटतं. एक म्हणजे मात्रा. ड्यूकच्या प्रयोगात हृदयाची गती ठरावीक पातळीवर नेऊन तीस मिनिटं तिथे ठेवली होती. तिचा हिशेब सोपा आहे. समजा माणूस पन्नास वर्षांचा आहे. 220 मधून वय वजा केलं की हृदयाची कमाल गती अंदाजे 170 येते. बसलेला असताना नाडी 70 असेल, तर मधली शिल्लक 100. या शिलकीचे 70 ते 85 टक्के काढायचे आणि 70 मध्ये मिळवायचे. म्हणजे नाडी 140 ते 155. आता मागावरचा माणूस काय करतो? उभा राहतो, चार पावलं टाकतो, तुटलेला धागा जोडतो, पुन्हा उभा राहतो. पाय भरून येतात, कंबर धरते, पण नाडी बहुधा तिथवर जात नाही. थकवा येतो, व्यायाम होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ताबा. पाळीत कधी थांबायचं हे माग ठरवतो, मालक ठरवतो. आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही. तलावाभोवती तीस मिनिटं चालायचं की वीस, कुणाबरोबर चालायचं, हे तो माणूस स्वतः ठरवतो. डिप्रेशनमध्ये ‘माझ्या हातात काही नाही’ ही भावनाच मुळाशी बसलेली असते. तिला धक्का पाळीने बसत नाही, स्वतः ठरवून केलेल्या गोष्टीने बसू शकतो. हा दुसरा भाग आमचा तर्क आहे, मोजून काढलेला निष्कर्ष नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

पण बाईंचा खरा पेच पुढेच आहे. “सांगितलं तरी उठत नाहीत हो!” अगदी बरोबर. उत्साह नसणं हेच तर या आजाराचं लक्षण. लंगड्याला ‘धाव म्हणजे पाय बरा होईल’ म्हणण्यासारखं ते होतं. इंग्लंडमध्ये 2012 साली 361 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांबरोबर हालचाल वाढवण्याचा सल्ला आणि प्रोत्साहन दिलं गेलं. डिप्रेशनमध्ये काही जास्तीची सुधारणा झाली नाही. म्हणजे नुसता सल्ला पुरत नाही.

मग काय पुरतं? याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात सापडतं. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने एक प्रयोग केला. 2017 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीव्र डिप्रेशनची 495 माणसं होती. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक त्यांना सहा ते आठ वेळा, अर्धा-पाऊण तास भेटले. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के आजारातून बाहेर आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. हा व्यायामाचा प्रयोग नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण त्याचं सूत्र आपल्या कामाचं आहे: बरं वाटेल तेव्हा करू असं नाही, आधी करायचं, वाटणं मागून येतं. आणि करायचं ते इतकं लहान, इतकं ठरलेलं, की आज न जमायला कारणच उरू नये.

म्हणून त्या घरासाठी आम्ही असं सुचवू. पहिल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी आणि मधल्या एका दिवशी, दहाच मिनिटं, बरोबर मुलगा किंवा शेजारी. ‘जा’ म्हणायचं नाही, ‘चला’ म्हणायचं. रात्रपाळीनंतर लगेच नको, आधी झोप. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत तीन दिवस, तीस मिनिटांवर यायचं. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. रस्त्यावर कंटेनर आणि धूळ असेल तर घरातच बैठका, जिन्याची चढउतार. स्नायूंच्या व्यायामानेही डिप्रेशनची लक्षणं घटतात, असं 2018 साली 33 प्रयोग एकत्र करून दाखवलं गेलंय. कॅलेंडरवर खूण करा. गुण बघायचा तो चार दिवसांनी नव्हे, दोन-तीन महिन्यांनी. झोप, भूक आणि मुलांशी बोलणं, या तीन गोष्टींवरून तो कळतो.

चिंतेच्या आजाराबद्दल एक सावधगिरी. ज्यांना अचानक भीतीचे झटके येतात, त्यांना व्यायामात छाती धडधडली की झटकाच आला असं वाटतं आणि ते सोडून देतात. 1998 च्या एका जर्मन प्रयोगात अशा 46 रुग्णांना दहा आठवडे धावणं, औषध किंवा खोटी गोळी दिली. धावणं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, पण औषधाहून कमी. आणि धावणाऱ्यांतले जवळपास एकतृतीयांश मध्येच गळाले. म्हणून इथे सुरुवात आणखी हळू करावी. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला थोडं थोडं शिकू द्यावं. मात्र पन्नाशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आधी तपासून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा.

आणि शेवटची मर्यादा. माणूस जेवत नसेल, अंथरुण सोडत नसेल, ‘मी नसलेलो बरा’ असं बोलत असेल, तर तिथे चालण्याची गोष्ट काढू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 14416 हा टेलिमानस सेवेचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. चालणं सुरू झालं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ती चूक महागात पडते.

तर ताई, आज आपण सभागृहात असाल तर आमचं उत्तर असं: यजमानांचे बारा तास ही मेहनत आहे, व्यायाम नाही. त्यांना आळशी म्हणू नका, ते आळशी नाहीतच. आज पाळी सुटल्यावर त्यांना झोपू द्या. आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः चपला घाला, मग त्यांना हाक मारा.