डबी, बरणी आणि उगाच पाजलेलं तेल

ऑफिसला घालायच्या काळ्या बुटांसाठी दुकानात गेलं की तीन गोष्टी पुढ्यात येतात: बाजूची खिट्टी फिरवून उघडायची पॉलिशची बसकी डबी, काचेच्या छोट्या बरणीतलं क्रीम आणि अलीकडे ‘कंडिशनर’ म्हणून विकली जाणारी बाटली. दुकानदार तिन्ही घ्यायला लावतो. त्यातल्या पहिल्या दोन वस्तू उपयोगाच्या आहेत. तिसरी वर्षभर कपाटात पडून राहिली तरी बहुतेक बुटांचं काही बिघडत नाही.

डबीत असतं मेण. मधमाशांचं, खनिज मेण, आणि चांगल्या पॉलिशमध्ये ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडलेलं कार्नोबा. हे कार्नोबा फार कडक असतं, ऐंशी अंशांच्या वर तापल्याशिवाय वितळत नाही. चकाकी येते ती मुख्यतः त्याच्यामुळे. ही मेणं टर्पेंटाइनसारख्या द्रावकात कालवून मऊ केलेली असतात. डबी उघडल्यावर येतो तो उग्र वास त्या द्रावकाचाच. बुटावर पॉलिश लावलं की द्रावक उडून जातो आणि मेणाचा पातळ थर मागे उरतो. डबी नीट बंद केली नाही तर हेच डबीच्या आत घडतं: पॉलिश आक्रसतं, भेगाळतं, कडेपासून सुटतं. ते फेकू नये, फक्त लावताना जास्त घासावं लागतं.

बरणीतल्या क्रीममध्येही मेण असतं, पण कमी. त्याच्या जोडीला पाणी, थोडं तेल आणि डबीपेक्षा बराच जास्त रंग. त्यामुळे क्रीम खरचटलेल्या जागा झाकतं, विटलेला रंग परत आणतं, सुरकुत्यांच्या जागी चामड्याला थोडा ओलावा आणि तेल देतं. चकाकी मात्र बेताचीच येते. डबीचं काम वरच्या झिलईचं आणि पावसाचे थेंब थोपवण्याचं, बरणीचं काम रंगाचं आणि रोजच्या देखभालीचं. यातलं एकच घ्यायचं असेल तर मी बरणी घेईन. एनसीसीच्या परेडला जाणाऱ्या मुलाने मात्र डबीच घ्यावी.

दोन्ही वापरायची असतील तर आधी क्रीम, मग मेण. मेणाच्या थरावर क्रीम लावलं तर ते चामड्यापर्यंत पोचत नाही. लेस काढून घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ झाडावी, विशेषतः वरचं चामडं आणि तळवा जिथे शिवलेले असतात त्या खाचेतली. ओलसर फडकं फिरवून बूट वाळू द्यावा. मग एका बुटाला वाटाण्याएवढं क्रीम. हे प्रमाण कमी वाटतं, पण पुरतं. लोक याच्या चौपट लावतात आणि मग पँटच्या काठाला काळं लागतं. दहा-पंधरा मिनिटांनी जोरात ब्रश मारला की झालं.

मेण लावायचं ते फक्त पुढच्या टोकाला आणि टाचेला. या दोन भागांच्या आत कडक अस्तर असतं, त्यामुळे चालताना ते वाकत नाहीत. चवड्यापाशी बूट पावलागणिक वाकतो. तिथे मेणाचे थर चढवले तर ते तडकतात आणि सुरकुतीत पांढुरकी भुकटी दिसू लागते. पुष्कळांना वाटतं चामडंच फाटलं. टर्पेंटाइनचा हलका हात लावलेल्या फडक्याने पुसून पाहावं. रेघ गेली तर ते मेण होतं, राहिली तर चामड्याची भेग, आणि भेग कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. स्पंजची टोपी असलेलं झटपट लिक्विड पॉलिश इथेच घात करतं. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत चकाकी प्लास्टिकसारख्या पापुद्र्याची असते आणि तो पापुद्रा वाकण्याच्या जागी सोलवटतो.

आता कंडिशनर. चामड्याला तेल पाजायची आपली सवय जुनी आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, वर रंगाचा थर नसलेलं. ते तेल पितं आणि त्याला ते लागतंही. ऑफिसच्या बुटाचं चामडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि त्यात तेल कारखान्यातच, चामडं ओलं असताना तंतूंच्या आतपर्यंत मुरवलेलं असतं. ते सहजी निघून जात नाही. शिवाय मध्यम किमतीच्या बहुतेक काळ्या बुटांवर रंगाचा आणि रेझिनचा लेप असतो. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. बूट धुऊन मेण काढलेलं असतानाही थेंब तसाच गोल उभा राहिला, खालचा रंग गडद झाला नाही, तर कंडिशनरही आत शिरणार नाही. ते वर चिकट बसेल आणि धूळ धरेल.

समजा एखादा माणूस असा एक जोड पुण्यात आठवड्यातून तीन दिवस घालतो. दर वेळी घरी आल्यावर अर्धा मिनिट ब्रश, तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे साधारण दहा वेळा घातल्यावर, एकदा क्रीम. क्रीममधलं तेल एवढ्या वापराला पुरतं. जुलैत बूट पूर्ण भिजला. तो उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायचा नाही; आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे आणि पंख्याच्या वाऱ्यावर दोन दिवस वाळू द्यायचं. पाणी बाहेर पडताना थोडं तेलही पृष्ठभागाकडे ओढलं जातं, म्हणून वाळल्यावर चामडं कडक लागतं. इथे कंडिशनरचा एक पातळ हात द्यावा, रात्रभर ठेवावा, सकाळी पुसून क्रीम लावावं. दुसरा प्रसंग म्हणजे साचलेलं जुनं मेण द्रावकाने पूर्ण काढल्यानंतरचा, तिसरा बूट वर्षभर खोक्यात पडून कोरडा झाल्याचा. यातलं काहीच घडलं नाही तर वर्षातून एकदा पुष्कळ झालं, आणि तेही बूट हाताने वाकवल्यावर सुरकुती रखरखीत, फिकट दिसली तर. ‘दर महिन्याला लावा’ हे बाटलीवरचं वाक्य बाटली लवकर संपावी म्हणून छापलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जास्त तेलाचा तोटा दिसायला वेळ लागतो. चामडं ढिलं पडतं, बूट बाजूला पसरतो, वर मेण धरत नाही आणि कितीही घासलं तरी मंदच दिसतो. खोबरेल तेलाने हे सगळं लवकर होतं. शिवाय तपकिरी बुटावर गडद डाग पडतात ते कायमचे.

पावसाळ्यात कपाटातल्या बुटावर पांढरं आलं की लोक ते कोरडेपणाचं लक्षण समजून आणखी तेल चोळतात. आधी ते काय आहे हे पाहावं. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दिल्यावर वितळून नाहीसं झालं, तर आतली चरबी वर आली आहे, म्हणजे तेल आधीच भरपूर आहे. ओल्या फडक्याने गेलं आणि वाळल्यावर पुन्हा त्याच रेषेत उमटलं, तर घामाचा किंवा पाण्याचा क्षार. मऊ, लवदार ठिपके असतील आणि कुबट वास येत असेल तर बुरशी: बूट घराबाहेर नेऊन पुसावा, पूर्ण वाळवावा आणि पुन्हा त्या बंद खोक्यात ठेवू नये.