शेती आली आणि उंची घटली

पूर्व भूमध्य प्रदेशात, म्हणजे आजच्या ग्रीस आणि तुर्कस्तानच्या परिसरात, पुराश्मयुगाच्या अखेरीस शिकार आणि कंदमुळांवर जगणारा पुरुष सरासरी 177 सेंटिमीटर उंच होता आणि स्त्री साधारण 166 सेंटिमीटर. शेती स्थिरावल्यानंतर, नवाश्मयुगाच्या उत्तरार्धात, हेच आकडे पुरुषांसाठी सुमारे 161 आणि स्त्रियांसाठी 154 वर आले. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स एंजल यांनी या भागातले सांगाडे तपासून 1984 मध्ये हे आकडे मांडले. धान्य पिकवू लागलेला माणूस खाऊनपिऊन सुखी झाला असेल, हा समज त्यामुळे मोडला.

सांगाडा क्वचितच अखंड सापडतो, म्हणून उंचीचा अंदाज बहुधा मांडीच्या हाडावरून बांधला जातो. शरीरातले हे सर्वांत लांब हाड एकूण उंचीशी बऱ्यापैकी ठरलेल्या प्रमाणात वाढते. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेसर यांनी 1952 मध्ये दिलेले पुरुषांसाठीचे सूत्र आजही वापरले जाते: हाडाची सेंटिमीटरमधली लांबी 2.38 ने गुणायची आणि त्यात 61.41 मिळवायचे. हाड 48.5 सेंटिमीटरचे असेल तर उंची येते जवळजवळ 177. हाड 42 सेंटिमीटरचे असेल तर 161 च्या थोडी वर. एंजल यांच्या आकड्यांतला फरक असा मांडीच्या हाडात साडेसहा सेंटिमीटरचा ठरतो, आणि तो डोळ्यांनाही दिसतो. मात्र हे सूत्र विसाव्या शतकातल्या अमेरिकी माणसांच्या हाडांवर बेतलेले आहे. एका व्यक्तीच्या बाबतीत त्यात तीन-साडेतीन सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि पाय व धड यांचे प्रमाण वेगळे असलेल्या समाजात आणखी जास्त. त्यामुळे एकट्या सांगाड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. भरवसा ठेवायचा तो अनेक सांगाड्यांच्या सरासरीवर.

खरा पेच पुढे आहे. युरोपात शेती नेली ती मुख्यत्वे अनातोलियातून आलेल्या लोकांनी. म्हणजे काळाबरोबर त्या भूमीवरची माणसेही बदलली. येणारे मुळातच आनुवंशिकतेने बुटके असतील, तर उंची घटण्याचा दोष शेतीला कसा द्यायचा? या प्रश्नाला हात घालणारे संशोधन स्टेफनी मार्सिनियाक, जॉर्ज पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केले. युरोपातले 167 प्राचीन लोक त्यांनी निवडले. त्यांची हाडेही हाती होती आणि डीएनएही. डीएनएवरून प्रत्येकाची अपेक्षित उंची काढली आणि ती हाडांवरून काढलेल्या उंचीशी ताडून पाहिली. नवाश्मयुगातले शेतकरी, आधीच्या शिकाऱ्यांच्या तुलनेत, आपल्या जनुकांनी सुचवलेल्या उंचीपेक्षा सरासरी 3.8 सेंटिमीटर कमी भरले. वंशाच्या सरमिसळीचा हिशेब अधिक काटेकोरपणे केला की हा फरक 2.8 सेंटिमीटरवर येतो आणि त्याची निश्चितीही कमी होते. म्हणजे एंजल यांच्या मोठ्या फरकाचा काही भाग माणसे बदलल्यामुळेही असू शकतो. तरीही काही सेंटिमीटर असे उरतात, की ती तूट जनुकांच्या नव्हे, तर बालपणाच्या खात्यावर पडते.

बालपणाच्या, कारण प्रौढपणी कितीही उपासमार झाली तरी हाड आखूड होत नाही. उंची ठरते ती वाढीच्या वर्षांत, आणि त्यातही पहिली तीन-चार वर्षे नाजूक. शिकाऱ्यांच्या मुलाला मांस, मासे, फळे, कवचाची फळे, कंद असे ऋतूंनुसार बदलणारे अन्न मिळे. शेतकऱ्याचे मूल एक-दोन धान्यांवर वाढू लागले. गहू आणि जव पोट भरतात, पण त्यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. धान्यातले फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते, त्यामुळे अन्नात असलेले हे क्षारही अंगी लागत नाहीत. जस्त कमी पडले की वाढ खुंटते.

धान्याची पेज करता येऊ लागली, त्यामुळे बाळाला वरचे अन्न लवकर देता आले आणि आईचे दूध लवकर तोडता आले. दूध तुटले की पुढचे मूल लवकर. मुलांतले अंतर कमी झाले, वस्ती वाढली, आणि एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे राहिल्याने सांडपाणी, मैला, उंदीर, जनावरे सगळे घराभोवती साचले. जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्यातून अन्न नीट शोषले जात नाही. अशक्त मूल पुन्हा आजारी पडते. एखाद्या आजारातून उठलेले मूल पुढे वाढीची भरपाई करू शकते, पण त्यासाठी मध्ये काही चांगले महिने लागतात, आणि तेच मिळेनासे झाले. अन्न आणि रोग यांतले एकच कारण वेगळे काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

या त्रासाची नोंद दातांवर राहते. एनॅमल थराथराने बनते, आणि मूल गंभीर आजारी किंवा उपाशी असेल तेव्हा ते बनणे मंदावते. मग दातावर आडवी बारीक खाच उरते. सुळ्यावर ती नखालाही जाणवू शकते. हाड आयुष्यभर बदलत राहते, पण एनॅमल पुन्हा घडत नाही, म्हणून ती खाच प्रौढ वयातही तशीच राहते. हिरडीकडच्या कडेपासून खाच किती अंतरावर आहे हे मोजले की मूल कोणत्या वयात आजारी पडले होते, याचा अंदाज येतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील डिक्सन माउंड्स येथे मक्याची शेती वाढण्याआधीच्या काळातल्या सुमारे 45 टक्के लोकांच्या दातांवर अशा खाचा होत्या. मक्यावरचे अवलंबन पक्के झाल्यावर ते प्रमाण 80 टक्क्यांवर गेले. बहुतेक खाचा दोन ते चार वर्षे या वयातल्या, म्हणजे साधारण दूध तुटण्याच्या सुमाराच्या.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो 1992 मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी मांडला. खाच उमटायला मूल त्या आजारातून जगावे लागते. जे लगेच मरते, त्याच्या हाडादातांवर काहीच उरत नाही. तेव्हा खाचा जास्त दिसणे हे अनारोग्याचे लक्षण की जगून जाण्याचे, हे सांगाडा एकटा सांगू शकत नाही. शिवाय स्मशानात मिळतात ती मेलेली माणसे. त्या वयात जिवंत राहिलेल्यांचा तो नमुना नव्हे. म्हणून दात, उंची, मृत्यूचे वय आणि आता डीएनए असे अनेक पुरावे एकत्र ठेवून पाहावे लागते.

उंचीची सगळी घट शेतीच्या माथी मारणेही बरोबर नाही. एंजल यांच्याच आकड्यांत मध्याश्मयुगातला पुरुष 172.5 सेंटिमीटरवर आलेला दिसतो, आणि तो अजून शेतकरी नव्हता. हिमयुग संपताना मोठ्या प्राण्यांचे कळप ओसरले होते आणि युरोपातली माणसेही बदलली होती. घसरण तेव्हाच सुरू झाली होती. भारतात उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा येथे सापडलेले मध्याश्मयुगीन लोक मात्र चांगलेच उंच आणि दणकट होते. प्रदेशागणिक चित्र बदलते ते असे.

इतके सोसूनही शेती का टिकली, याचे उत्तर संख्येत आहे. तेवढ्याच जमिनीवर शेतीने शिकारीपेक्षा कितीतरी जास्त तोंडे पोसली, आणि वस्ती एकदा वाढली की रानावर परत जाणे शक्य नव्हते. उंची मात्र पुढे हळूहळू सावरली. 2022 च्या त्याच अभ्यासात जनुकांच्या अपेक्षेच्या तुलनेत मोजलेली उंची नवाश्मयुगापेक्षा ताम्रयुगात सुमारे 2, कांस्ययुगात 2.7 आणि लोहयुगात 3.3 सेंटिमीटरने वाढलेली दिसते. म्हणजे शेतीच्या पहिल्या पिढ्यांत पडलेली तूट बऱ्याच अंशी भरून निघायला युरोपात काही हजार वर्षे लागली.