०.२ मिलिलिटरची मुभा

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन हमखास येतं. पिपेटने १० मिलिलिटर मोहर सॉल्टचं ०.०५ मोलर द्रावण शंकुपात्रात घ्यायचं, विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटमधून परमँगनेट सोडायचं. एखाद्या विद्यार्थ्याची वाचनं अशी आली असं समजू: पहिल्यांदा १०.६, मग १०.१ आणि पुन्हा १०.१ मिलिलिटर.

पहिलं वाचन अंदाजाचं असतं, ते सरासरीत धरायचं नाही. हिशेबासाठी घ्यायचे ते १०.१. शंकुपात्रात १० × ०.०५, म्हणजे ०.५ मिलिमोल लोह आहे. परमँगनेटचा एक कण लोहाच्या पाच कणांना पुरतो, म्हणून परमँगनेट लागलं ०.१ मिलिमोल. त्याला १०.१ने भागलं की ०.००९९ मोलर, आणि १५८ या रेणुभाराने गुणलं की लिटरला सुमारे १.५६ ग्रॅम. हा पाचाचा भाग विसरून थेट M₁V₁ = M₂V₂ लावलं, तर उत्तर ०.०४९५ येतं, बरोबर पाचपट. तपासताना ही चूक लगेच ओळखू येते.

आता गुण किती फरकापर्यंत द्यायचे? शाळेच्या ब्युरेटवर लहानात लहान रेघ ०.१ मिलिलिटरची असते. सुरुवातीच्या वाचनात ०.०५, शेवटच्या वाचनात ०.०५ आणि अखेरच्या थेंबात साधारण तेवढाच फरक पडू शकतो. बेरीज ०.१५ होते, म्हणून शिक्षकांच्या वाचनापासून दोन्ही बाजूंना ०.२ पर्यंत पूर्ण गुण द्यावेत, असं मला वाटतं. शिक्षकांना १०.१ आलं असेल, तर ९.९ ते १०.३ चालेल. ०.४ पर्यंत निम्मे गुण. त्यापलीकडे हाताळणीतच दोष शोधावा. शंकुपात्रात तपकिरी गढूळपणा आला असेल, तर आम्ल कमी पडलेलं असतं. परमँगनेटचा रंग गडद असल्याने ब्युरेटमध्ये द्रवाची वरची कड वाचायची असते. एकदा वरची आणि एकदा खालची कड वाचली की फरक वाढतो.

पण ही मुभा वाचनाला आहे. पुढचा हिशेब मुलाच्या स्वतःच्या वाचनावरून तपासायला हवा. १०.७ वाचन आलेल्या मुलीने ०.१ला १०.७ने भागून ०.००९३ काढलं, तर वाचनाचे गुण जातील, हिशेबाचे पूर्ण मिळायलाच हवेत. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापणं अन्यायाचं आहे.

शिक्षकांचं वाचनही त्याच दिवशी, त्याच बाटल्यांमधून घेतलेलं असावं. मोहर सॉल्टच्या द्रावणातलं लोह हवेत हळूहळू ऑक्सिडीकृत होतं आणि मग परमँगनेट कमी लागतं. आदल्या आठवड्याचा आकडा धरला, तर नीट काम केलेला अख्खा वर्ग चुकीचा ठरेल. परीक्षकांनी सकाळी पहिली तुकडी आत येण्याआधी स्वतः अनुमापन करून तो आकडा कागदावर लिहून ठेवावा.