रुळणारा दांडा, सरकणारा दांडा

पोलाद यील्डला पोचले की घात झाला, असे मानणारा एक पंथ आपल्या अभियंत्यांत आहे. ताणाचा फेरा यील्डच्या दुपटीच्या आत राहिला की चिंता नाही, असे मानणारा दुसरा. पहिला पंथ उगाच घाबरतो आणि दुसरा उगाच निर्धास्त राहतो. माझे भांडण दोघांशी आहे, दुसऱ्याशी थोडे जास्त, कारण भीतीपायी लोखंड वाया जाते, पण निर्धास्तपणापायी वस्तू निकामी होते. पुन्हापुन्हा भार घेणाऱ्या दांड्याचे भवितव्य त्याने यील्ड गाठले की नाही यावर ठरत नाही. आतल्या आत ताणाची वाटणी बदलून त्याला पुढचे सारे फेरे निमूट सोसता येतात का, यावर ते ठरते. येतात तर दांडा रुळला, म्हणजे शेकडाउन झाले. येत नाहीत तर तो दर फेऱ्याला थोडा सरकत राहतो, म्हणजे रॅचेटिंग. सायकलचे फ्रीव्हील जसे एका बाजूला दातादाताने सुटते आणि उलट बाजूला अडते, तसाच हा एकेरी प्रवास असतो.

इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तो झटपट आटोपतो. १९३० च्या दशकात ब्लाइख आणि व्हिएन्नाचे मेलान, १९५० च्या दशकात डेल्फ्टचे कोइटर, आणि त्यानंतर प्रमेयांच्या शाखा-उपशाखांचे लांबलचक जंगल. त्यातले बरेचसे प्रबंधांच्या भरतीसाठी उगवलेले आहे. मला ज्याचे अगत्य वाटते ते मेलानचे स्थितिक प्रमेय. ते एका वाक्यात सांगता येते: भार नसतानाही स्वतःशीच तोल सांभाळणारी शिल्लक ताणांची एखादी वाटणी तुम्हाला अशी सापडली, की ती स्थितिस्थापक ताणांत मिळवल्यावर फेऱ्याच्या कुठल्याही क्षणी यील्ड ओलांडले जात नाही, तर दांडा रुळणार. वाटणी तुम्ही शोधायची. दांडा नेमकी तीच धरेल असे नाही, पण एक मार्ग असला की तो आपला मार्ग काढतोच.

आधी सुटा दांडा घेऊ. मृदू पोलाद, यील्ड २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर (पुढचे सगळे ताण याच एककात), स्थितिस्थापकता २,००,०००, प्रसरण दर अंशाला दशलक्षांशी १२. यील्डला पोचल्यावर ताण तिथेच थबकतो आणि धातू वाहू लागतो, एवढेच गृहीत. असा दांडा वरून टांगून खाली वजन लावले-काढले तर सांगण्यासारखे काही घडत नाही. यील्डच्या आत तो पूर्ववत होतो, यील्डला तो जातो. त्याच्यात शिल्लक ताण राहूच शकत नाही, कारण वजन काढल्यावर ताण शून्यच असावा लागतो. रुळायला सोबती लागतो, नाहीतर अडवणारी भिंत. म्हणून तोच दांडा दोन अचल भिंतींत घट्ट बसवून तापवा. दर अंशाला २.४ इतका दाब चढतो. १५० अंश तापवल्यावर दाब ३६० व्हायला हवा होता, पण तो २५० वर थांबतो आणि उरलेल्या ११० च्या वाट्याचे धातू चेपण्यात जाते. थंड झाल्यावर दांड्यात ११० ची ओढ शिल्लक राहते. पुढच्या वेळी तापताना ताण या ११० च्या ओढीपासून निघतो आणि ३६० चा पल्ला संपवून बरोबर २५० च्या दाबाला टेकतो. धातू पुन्हा वाहत नाही. पहिल्याच फेऱ्यात दांडा रुळला. म्हणजे यील्ड गाठल्यावर घात मानणाऱ्यांनी जो दांडा मोडीत काढला असता, तो पुढे स्थितिस्थापक दांड्यासारखाच वागतो. तापमान २०८ अंशांच्या वर गेले तरच बिघडते, कारण तेव्हा पल्ला दुप्पट यील्डच्या पलीकडे जातो. २५० अंशांना पल्ला ६०० होतो, त्यातले १०० कुठल्याही वाटणीने मुरत नाहीत. दर फेऱ्याला तापताना मीटरमागे अर्धा मिलिमीटर धातू चेपला जातो आणि निवताना तितकाच ओढला जातो. लांबी वाढत नाही, पण मागेपुढे वाकवलेल्या तारेसारखा धातू थकतो आणि शेवटी तडकतो.

इथेच दुसऱ्या पंथाचा उगम आहे. 'फेरा दुप्पट यील्डच्या आत ठेवा' हा नियम भिंतींतल्या दांड्याला अगदी चपखल बसतो, आणि बसतो म्हणूनच तो सगळीकडे लावला जातो. पण भिंतीतल्या दांड्याला कुठलाही कायम भार वाहायचा नसतो. भार आला की प्रकरण बदलते. सारख्या लांबीचे आणि सारख्या जाडीचे दोन दांडे शेजारी टांगा, वर आणि खाली ताठ ठोकळ्यांनी जोडा, आणि खाली असे वजन कायम ठेवा की दोघांवर सरासरी १५० ओढ येईल. कोसळण्याच्या भाराच्या हे ६० टक्केच आहे. आता पहिला दांडा तापवा आणि निववा, पुन्हा तापवा आणि निववा. दुसरा थंडच राहतो. तापलेल्याला लांबायचे असते, थंड त्याला धरून ठेवतो, म्हणून दर अंशाला थंड दांड्यात १.२ ओढ वाढते आणि तापलेल्यात तितकीच कमी होते.

१२५ अंशांचा फेरा पाहू. थंड दांड्याची ओढ १५० अधिक १५०, म्हणजे ३०० व्हायला हवी. ती २५० वर अडते आणि तो दांडा मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाहतो. निवल्यावर पहिल्यावर २०० आणि दुसऱ्यावर १०० ओढ उरते. एकावर ५० जास्त, दुसऱ्यावर ५० कमी, अशी ही शिल्लक. पुढच्या फेऱ्यात दुसरा दांडा १०० वरून निघतो आणि २५० ला टेकून परततो. जोडी रुळली. थंड अवस्थेत मोजलेली कायम लांबी पाव मिलिमीटरने वाढली आणि तिथेच थांबली.

आता फेरा २०० अंशांचा करू. तापताना थंड दांडा ३९० मागतो, त्याला २५० मिळतात. निवताना पहिल्याच्या वाट्याला २९० येऊ पाहतात, त्यालाही २५० च मिळतात, आणि आता वाहण्याची पाळी त्याची. पुढच्या तापण्यात दुसरा पुन्हा वाहतो, पुढच्या निवण्यात पहिला. आळीपाळीने दोघे मीटरमागे ०.४ मिलिमीटर लांबत जातात, दोघेही त्याच दिशेला, कारण वजन त्याच दिशेला ओढते आहे. पहिल्या फेऱ्याला ०.९ मिलिमीटर, मग ०.४, मग पुन्हा ०.४, आणि असेच पुढे. शंभर फेऱ्यांत लांबी चार टक्क्यांनी वाढते. आता दुप्पट यील्डचा नियम इथे लावून पाहा. अगदी भार नसलेल्या अवस्थेपासून मोजले तरी स्थितिस्थापक ताणाचा सर्वांत मोठा पल्ला ३९० भरतो, आणि मर्यादा आहे ५००. नियमाच्या लेखी सारे आलबेल आहे, आणि दांडा सरकतो आहे. नियम खोटा नाही. तो मागेपुढे होणाऱ्या झिजेबद्दल बोलतो, एकेरी सरकण्याबद्दल नाही. दोन वेगळे रोग आणि औषध एकच, हे दुसऱ्या पंथाचे चुकते.

मेलानच्या हाती हेच गणित दोन ओळींत संपते. पहिल्या दांड्यात शिल्लक ओढ धरा र, दुसऱ्यात तितकाच दाब. निवलेल्या अवस्थेत १५० अधिक र हे २५० पेक्षा जास्त नको, म्हणून र फार तर १००. तापलेल्या अवस्थेत १५० अधिक औष्णिक ताण वजा र हे २५० च्या आत हवे. दोन्ही एकदम जमायचे तर औष्णिक ताण २०० च्या वर जाता कामा नये, म्हणजे फेरा सुमारे १६७ अंशांचा. पहिल्या क्षणी दांड्यात काय काय ताण होते, कारखान्यात तो कसा सरळ केला, हे विचारायची गरजच पडत नाही. या प्रमेयाचे मोठेपण मला त्यातच दिसते.

यावर नव्या पिढीचे म्हणणे असते की संगणकावर दहा फेरे चालवून पाहिले की कळते. काय कळते? १६० अंशांना पहिल्या फेऱ्यात ०.४६ मिलिमीटर वाढ होते आणि मग काही नाही. १७० अंशांना पहिल्या फेऱ्यात ०.५४, आणि मग दर फेऱ्याला ०.०४. रंगीत चित्रात हे दोन दांडे जुळे भाऊ दिसतात. दहा फेऱ्यांनंतरही एकावर अर्ध्या मिलिमीटरहून कमीच अधिक वाढ असते, आणि पडद्यावर 'स्थिरावला' असा निर्वाळा मिळतो. हजार फेऱ्यांनी मात्र तो ४० मिलिमीटर लांबलेला असतो. यंत्राशी माझे वैर नाही. सीमा कुठे आहे हे हाताने न काढता फेरे मोजत बसण्याच्या सवयीशी आहे, आणि ही सवय अलीकडे विद्वत्ता म्हणून खपते.

याच विचाराला १९६७ मध्ये ब्री यांनी प्रत्यक्ष वस्तूपर्यंत नेले. जलद अणुभट्टीतल्या इंधनाच्या पातळ नळीत आतल्या वायूचा दाब कायम असतो आणि उष्णतेचा झोत चालू-बंद होतो. कायम भार आणि येरझारा घालणारे तापमान, म्हणजे आपलीच जोडी, फक्त भिंतीच्या जाडीत असंख्य दांडे शेजारी उभे केल्यासारखी. त्यांनी नळीची वक्रता बाजूला ठेवून भिंत सरळ पट्टीसारखी मानली, ती वाकणार नाही असे धरले, आणि आडव्या अक्षावर दाबाचा ताण, उभ्या अक्षावर औष्णिक ताण घेऊन नकाशा काढला. स्थितिस्थापक प्रदेश, रुळण्याचा, मागेपुढे झिजण्याचा आणि सरकण्याचा, असे चार प्रांत त्यात एका नजरेत दिसतात. दाबाचा ताण यील्डच्या निम्म्याहून कमी असेल तिथे सरकण्याची सीमा दोन ताणांच्या गुणाकारावर ठरते. म्हणजे भार कितीही लहान असो, उष्णता पुरेशी वाढवली की भिंत सरकतेच. 'भार तर नगण्य आहे' हा युक्तिवाद त्या एका वक्र रेषेने निकालात काढला.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की खरे पोलाद यील्डवर थबकत नाही, ते कठीण होत जाते, मग हा आदर्श दांडा कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो घेणारे पुढे जे करतात ते धोक्याचे असते. धातू ताणाच्या दिशेने सरळ रेषेत कठीण होत जातो असे प्रतिमान ते वापरतात, आणि त्या प्रतिमानाचा दांडा कायमचा सरकत राहूच शकत नाही. २०० अंशांची आपली जोडीही त्यात काही फेऱ्यांनी निवांत होते. ज्या रोगाची तपासणी करायची तोच रोग होऊ न देणारे गृहीत आधीच धरले, तर निदान काय होणार? उलट बाजूही सांगायला हवी. खऱ्या धातूचा सुटा नमुना असमान ओढ-दाबाच्या फेऱ्यांत, एकट्यानेही, हळूहळू लांबतो, आणि आपला आदर्श दांडा हे दाखवत नाही. तापमान वाढले की यील्ड उतरते, आणखी वाढले की क्रीप सुरू होते. मेलानची मर्यादाही आहे: दांडा रुळेल असे तो सांगतो, रुळण्याआधी किती लांबेल हे सांगत नाही. म्हणून आदर्श दांड्याची सीमा ही पहिली रेघ, शेवटची नव्हे. पण पहिली रेघच न ओढता पुढे जाणाऱ्यांचा शेवटच्या रेघेवर काय हक्क?

प्रत्यक्ष कामावर रोग ओळखायला मोठी सामग्री लागत नाही. दर वेळी वस्तू पूर्ण थंड झाल्यावर, त्याच भाराखाली, त्याच दोन खुणांमधले अंतर मोजावे. पहिल्या फेऱ्याच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये, तो रुळणाराही देतो आणि सरकणाराही. दुसऱ्या फेऱ्याची वाढ तिसऱ्याशी ताडून पाहावी, तिसऱ्याची चौथ्याशी. वाढ विरत गेली तर वस्तू रुळते आहे. ती कितीही बारीक असो, तेवढीच राहिली तर वस्तू सरकते आहे, आणि मग भार कमी करायचा की उष्णतेचा फेरा, एवढेच ठरवायचे उरते.