खोलीतला हिरा ‘थंड’ असतो

१२ ग्रॅम हिरा आणि २०७ ग्रॅम शिसे यांत अणूंची संख्या सारखीच असते. खोलीच्या तापमानाला हे शिसे एका अंशाने तापवायला सुमारे २६ ज्यूल उष्णता लागते. हिऱ्याचे मात्र जेमतेम ६ ज्यूलमध्ये भागते. अणू तेवढेच असतील, तर बहुतेक घन मूलद्रव्यांना उष्णताही सारखीच, सुमारे २५ ज्यूल लागते, असे ड्युलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्येच दाखवले होते. हिरा त्या नियमात बसेना.

हाइनरिश वेबर यांनी १८७० च्या दशकात हिरा शून्याखालपासून जवळपास १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मोजमापे घेतली. तापमान वाढेल तशी उष्माधारकता वाढत गेली आणि शेवटी २५ च्या जवळ येऊन पोहोचली. म्हणजे हिरा नियम मोडत नव्हता. नियम लागू व्हावा इतका तो तापलेलाच नव्हता.

याचे कारण वेबर यांच्याच एका विद्यार्थ्याने, आइनस्टाइनने, १९०७ मध्ये सांगितले. घन पदार्थातले अणू आपापल्या जागी कंप पावतात, पण त्या कंपनाला हवी तेवढी थोडी ऊर्जा घेता येत नाही. ती ठरावीक आकाराच्या पुड्यांतच मिळते, आणि कंपन जितके जलद, तितकी पुडी मोठी. कार्बनचा अणू हलका आणि हिऱ्यातले बंध अतिशय ताठ, त्यामुळे कंपने फार जलद. त्यांतल्या सर्वांत जलद कंपनाची एक पुडी खोलीच्या तापमानाला उपलब्ध असलेल्या औष्णिक ऊर्जेच्या सहापटीहून मोठी असते. बहुतेक कंपने मग गोठल्यासारखीच राहतात आणि उष्णता घेत नाहीत. शिशाचा अणू जड, बंध मऊ. तिथल्या पुड्या इतक्या लहान की सगळी कंपने खोलीतच जागी असतात.

आलेख पुढे सपाट का होतो, तेही यातच आहे. प्रत्येक अणूला कंप पावायला तीनच दिशा, म्हणून कंपनांचे प्रकार मोजकेच. ते सगळे जागे झाले, की प्रत्येक जण दर अंशाला सारखीच ऊर्जा घेतो. नवीन घेणारा कोणी उरत नाही.

आइनस्टाइनचे सूत्र खोलीतल्या हिऱ्यासाठी ६ ज्यूल हेच उत्तर देते. अतिथंड तापमानाला मात्र ते चुकते: मोजलेली उष्माधारकता त्याच्या भाकितापेक्षा सावकाश घटते. आइनस्टाइनने प्रत्येक अणू सुटा धरला होता. प्रत्यक्षात ते एकमेकांना बांधलेले असतात आणि कंपने लाटांसारखी स्फटिकभर पसरतात. १९१२ मध्ये डिबाय यांनी या लाटा हिशेबात घेतल्या. या लाटांच्या ऊर्जेच्या पुड्यांनाच पुढे फोनॉन हे नाव मिळाले. लांब लाटेचे कंपन संथ, म्हणून तिचा फोनॉन लहान. कडाक्याच्या थंडीतही तो निर्माण होऊ शकतो. डिबाय यांच्या गणितानुसार अतिथंड स्फटिकाचे तापमान निम्मे केले, की उष्माधारकता आठव्या हिश्शावर येते.

धातूंमध्ये एक भर पडते. तांबे साधारण ४ केल्विनखाली नेले, की फोनॉन इतके विरळ होतात की त्यांच्यापेक्षा मुक्त इलेक्ट्रॉनच अधिक उष्णता घेतात.