विचारत राहायचं की हाकेची वाट पाहायची?

ऑनलाइन दुकानात नवी ऑर्डर आली, हे सर्व्हरला कळतं कसं? दर सेकंदाला डेटाबेसला विचारायचं, हा सोपा मार्ग. पण असे 10 सर्व्हर असले, तर दिवसाला 8,64,000 वेळा विचारणा होते आणि बहुतेकदा उत्तर ‘काही नाही’ असंच येतं.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये उलटी सोय आहे. सर्व्हर एकदाच कान देऊन बसतो आणि ऑर्डर नोंदवणारा व्यवहार त्याला हाक देतो:

```sql
LISTEN orders;
NOTIFY orders, '4127';
```

व्यवहार पक्का झाला तरच हाक पोचते, त्यामुळे रद्द झालेल्या ऑर्डरमागे कुणी धावत नाही. मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

मात्र गैरहजर सर्व्हरसाठी हाक राखून ठेवली जात नाही. कनेक्शन पाच सेकंद तुटलं, तर तेवढ्यात आलेली ऑर्डर टेबलात ‘प्रलंबित’ पडून राहते आणि हुकलेल्या हाकेची नोंद कुठेच सापडत नाही. म्हणून पुन्हा जोडणी झाली की आधी `LISTEN` द्यायचं, मगच प्रलंबित ऑर्डरी वाचायच्या. क्रम उलटा केला, तर मधल्या फटीतली ऑर्डर निसटते. शिवाय मिनिटाला एकदा टेबल तपासावंच. 10 सर्व्हरांचे मिळून दिवसाला 14,400 प्रश्न होतात, ते डेटाबेसला जड जात नाहीत.