दिवाणाच्या सहीशिवाय

बखरी वाचताना मुजुमदार, फडणीस, पोतनीस ही नावे आपण आडनावांसारखी वाचून पुढे जातो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी प्रधानांना संस्कृत पदनामे दिली. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला. फारसी शब्दांना पर्याय सुचवणारा राजव्यवहारकोशही तयार झाला. पण रोजच्या कारभाराला जुन्या नावांची सवय होती आणि पेशवाईच्या दप्तरात तीच सर्रास दिसतात.

ही माणसे करीत काय, हे मामलेदाराच्या कचेरीत चांगले कळते. समजा, वसुलाची रक्कम पुण्याला पाठवायची आहे. रुपये आधी पोतदारापुढे येत. तेव्हा टांकसाळी अनेक होत्या, नाणीही झिजलेली असत, म्हणून कस आणि वजन पाहून खरे-खोटे वेगळे करणे हे त्याचे काम. जमा आणि शिल्लक पोतनीस लिही. पत्राचा मजकूर चिटणीस तयार करी. हिशेब आणि कागद मुजुमदाराने तपासून मंजूर केले की ते फडणिसाकडे जात. तो त्यावर तारीख घाली, रोजकीर्द लिही, पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधी आणि हिशेबाच्या वह्या हुजुरात नेई. निघणाऱ्या पत्रांवर आणि हुकमांवर दिवाणाची सहीही लागे. मोगलांच्या सुभ्यातही दिवाण महसूल पाहून सुभेदाराला आवर घाली, त्याचाच हा छोटा अवतार.

खरी मेख पुढेच आहे. या दरखदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्यांची बांधिलकी थेट सरकारशी, त्यामुळे मामलेदाराने रक्कम दडवली तर ती कोणाच्या ना कोणाच्या वहीत उघडी पडायची. अर्थात सगळ्यांनी मिळून वाटून खाल्ले तर वह्या तरी काय करणार! पुढे दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. मग मक्तेदाराला भरलेले पैसे रयतेकडून वसूल करण्याचीच घाई असे.

पुण्याच्या कोतवालाकडे मात्र शहराचे बरेच काही एकवटले होते. रात्रीचा बंदोबस्त तर त्याचाच, शिवाय बाजारभावांवर नजर, घर-जागांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, सरकारी कामाला मजूर पुरवणे आणि खानेसुमारीही त्याच्याचकडे. एवढ्या सत्तेचा माणूस लोकांना रोज भेटणार, म्हणजे राग त्याच्यावरच निघणार. नाना फडणिसांच्या मर्जीतला घाशीराम सावळदास कोतवालीवर असताना १७९१ च्या ऑगस्टअखेरीस काही तैलंगी ब्राह्मण कोंडून ठेवलेल्या जागेत गुदमरून मेले. गावात हलकल्लोळ झाला, जमाव सरकारवाड्यावर जमला आणि शेवटी कोतवालाला लोकांच्या हवाली करण्यात आले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.